साडेबारापर्यंत जागायचं

गुरुवार, रात्री सव्वाअकरा

साडेबाराच्या आधी गादीला पाठ लावायची नाही, असा माझ्या झोपेच्या उपचाराचा नियम आहे. इंदिरानगर केव्हाच झोपलंय. आई आज परत म्हणाल्या, "झोप येत नाही म्हणतेस, मग लवकर पड ना गं!" तेच तर इतके महिने करत होते.

डिप्रेशनच्या गोळ्यांनी मन बरंच सावरलं, झोप मात्र तशीच राहिली. असं बऱ्याच जणांचं होतं, आणि राहिलेली झोपमोड डिप्रेशन परत यायचा धोका वाढवते, म्हणून तिच्यावर वेगळा उपचार करायचा, असं उपचार करणाऱ्या मॅडम म्हणाल्या. माझं चक्र सरळ होतं. रात्री जागं राहून जुनं काहीबाही उगाळायचं. सकाळी अंगात त्राण नाही म्हणून गोदाकाठचं फिरणं बंद, कुणाचे फोन घेणं बंद, दुपारी आडवं पडायचं. दिवसभर हालचाल नाही, ऊन नाही, आणि झोपेची भूक दुपारीच थोडी भागलेली. मग रात्री पुन्हा डोळे टक्क उघडे.

आधी दोन आठवडे झोपेची नोंद ठेवायला लावली, रोज सकाळी, घड्याळ न बघता अंदाजाने. सरासरी निघाली ती अशी: रात्री दहा ते सकाळी सात, म्हणजे नऊ तास अंथरुणात, झोप साडेपाच तास. जेमतेम ६१ टक्के. मग मॅडमनी अंथरुणातला वेळच साडेपाच तासांवर आणला. साडेबाराला पडायचं, सहाला उठायचं, रविवारीसुद्धा. झोप याहून कमी भरली तरी पाच तासांखाली वेळ आणत नाहीत. पडल्यावर वीसेक मिनिटांत लागली नाही, तर बाहेरच्या खोलीत जाऊन काहीतरी कंटाळवाणं करायचं आणि डोळे मिटायला लागले की परत यायचं. गादीवर मोबाइल नाही, हिशेब नाही, रडणं तर नाहीच. गादी दिसली की जागं राहायचं, ही शरीराची सवय मोडायची आहे.

पहिले काही दिवस वाईट गेले. दुपारी डोळ्यांपुढे अंधारी, चिडचिड, भाजीत मीठ दोनदा. मॅडमनी हे आधीच सांगितलं होतं, आणि पेंग येत असेल तर स्कूटी काढायची नाही हेही. आता पडल्यावर लवकर लागते. गेल्या आठवड्याची सरासरी साडेपाचपैकी पाच तास, म्हणजे ९१ टक्के. ८५च्या वर गेलं की पंधरा मिनिटं वाढवून मिळतात, त्यामुळे उद्यापासून सव्वाबारा. खाली घसरलं तर तेवढीच कापायची.

धाकट्या जावेलाही हे करायचंय. तिला म्हटलं, माझी वही बघून सुरू करू नकोस. तिला मागे एकदा न झोपताही भलताच उत्साह चढला होता, वायफळ खर्च, अखंड बडबड. बायपोलर असेल तर झोप कापल्याने तोच झटका परत येऊ शकतो. मिरगी असली किंवा घोरताना श्वास अडकत असला तरी आधी डॉक्टरांना विचारावं लागतं. तिची अपॉइंटमेंट सोमवारची घेतलीय.