गल्लीचा कॅमेरा, दर ५ सेकंदाला १ फ्रेम: अपडेट ३

मागच्या वेळी म्हटलं होतं की तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून सकाळी ६ ते १२ अखंड रेकॉर्डिंग करून गल्लीत काय काय येतं त्याची यादी काढायची, तर ती यादी निघाली आणि पहिल्याच नजरेत कळलं की काहीतरी गंडलंय, कारण त्यात दुचाक्या हजारोंनी होत्या आणि आमची गल्ली म्हणजे काय हायवे नाही.

केलं होतं ते एवढंच, ffmpeg ने व्हिडिओतून फ्रेम काढले आणि ते चित्रातल्या वस्तू ओळखून त्यांच्याभोवती बॉक्स काढणाऱ्या YOLO मॉडेलला दिले:

```
ffmpeg -i galli.mp4 -vf fps=1/5 -q:v 2 frames/f_%05d.jpg
yolo predict model=yolov8s.pt source=frames imgsz=1280 conf=0.4 save_txt=True save_conf=True
```

६ तासांचे ४३२० फ्रेम. imgsz, म्हणजे मॉडेल चित्र ज्या आकारात बघतं तो, मुद्दाम वाढवलाय, डीफॉल्ट ६४० ठेवला की १९२० रुंदीचा फ्रेम तिपटीने बारीक होतो आणि लांबचं ४५ पिक्सेलचं कुत्रं १५ पिक्सेलचं उरतं, मग ते सापडतच नाही.

आता गोंधळ कुठे झाला ते सांगतो. समोरच्यांची स्कूटर सकाळभर तिथेच उभी होती, म्हणजे ती एकटीच जवळजवळ प्रत्येक फ्रेममध्ये सापडणार, ४३२० ओळी एका स्कूटरच्या! आणि जी बाइक भुर्रकन जाते ती चौकटीत जेमतेम ३ सेकंद दिसते, मी बघतोय दर ५ सेकंदांनी, म्हणजे अशा १०० बाइक गेल्या तर सरासरी ६०च हाती लागणार, बाकीच्या दोन फ्रेमच्या मधल्या फटीतून पसार. थोडक्यात माझा तक्ता गाड्या मोजतच नव्हता, गाड्या पडद्यावर किती वेळ होत्या ते मोजत होता. घंटागाडी रोज एकदाच येते पण २ मिनिटं थांबते, तिच्या झाल्या २४ नोंदी, म्हणजे कागदावर २४ ट्रक 😄

मग दोन भाग केले. उभ्या गोष्टींसाठी, आधीच्या फ्रेममधल्या त्याच क्लासच्या, म्हणजे त्याच प्रकारच्या वस्तूच्या, बॉक्सशी ७० टक्क्यांच्या वर ओव्हरलॅप असेल तर नवी नोंद नाही, जुन्याच नोंदीची शेवटची वेळ पुढे सरकवायची. यात पहिल्या दिवशी स्कूटर 'गेली आणि आली' असं बऱ्याचदा दाखवलं, बघितलं तर मध्ये भाजीवाल्याची हातगाडी आडवी आली होती किंवा सावली पडून मॉडेलची खात्री, म्हणजे कॉन्फिडन्स, ०.४ च्या जरा खाली गेला होता. म्हणून आता सलग १२ फ्रेम म्हणजे पूर्ण मिनिटभर दिसली नाही तरच 'गेली' धरतो.

चालत्या गोष्टींसाठी उलटा हिशोब, नोंदी गुणिले ५ भागिले दिसण्याचा सरासरी वेळ. अर्धा तास खुर्ची टाकून हाताने मोजलं: ५० बाइक. ३६० फ्रेममध्ये नोंदी आल्या २७, म्हणजे २७ × ५ ÷ ३ = ४५. वाईट नाही. पण हा ३ सेकंदांचा आकडा प्रत्येक कॅमेऱ्याला वेगळा, तो आपापल्या व्हिडिओत दहा-वीस गाड्यांवर स्टॉपवॉच लावूनच काढायचा, आणि कोणी मधेच थांबून गप्पा मारत बसला की तो एकटाच सहा-सात वेळा मोजला जातो (आमच्याकडे हे फार होतं).

वेळेचंही एक आहे. फाइल नंबरातून १ वजा करून × ५ अशी वेळ काढत होतो आणि कॅमेऱ्याच्या कोपऱ्यातल्या घड्याळाशी ती जुळेना. fps फिल्टर जवळच्या वेळेला राउंड करतो, त्यामुळे माझा पहिला फ्रेम शून्याचा नसून साधारण अडीच सेकंदाचा निघाला. फरक सगळीकडे तेवढाच असल्याने दुरुस्ती सोपी होती, पण आधी दोन-चार फ्रेम घड्याळाशी ताडून बघा.

आणि रिक्षा! मॉडेल कोको नावाच्या चित्रसंग्रहातल्या ८० क्लासवर शिकलेलं, त्यात जिराफ आहे, झेब्रा आहे, रिक्षा नाही. त्यामुळे आपली रिक्षा कधी कार, कधी ट्रक, एकच रिक्षा थांबलेली असताना दोन फ्रेममध्ये दोन नावं, आणि मग वरचा क्लास जुळवायचा नियमही तुटतो. हे आकड्यांवरून कधीच कळलं नसतं, प्रत्येक क्लासचे १०० बॉक्स रँडम कापून एका शीटवर चिकटवले तेव्हा ट्रकच्या शीटवर अर्ध्या काळ्या-पिवळ्या रिक्षाच बसलेल्या दिसल्या. कॉन्फिडन्स वाढवून हे जात नाही, मॉडेल चुकीच्या नावावरही ठाम असतं. हातगाडीला तर नावच नाही, ती यादीत येतच नाही, आली तर तिच्यावरची केळी येतात.

हैदराबादच्या ट्रिपल आयटीच्या इंडिया ड्रायव्हिंग डेटासेटमध्ये रिक्षाचा वेगळा क्लास आहे, पण ती चित्रं गाडीवर लावलेल्या कॅमेऱ्याची, समोरून घेतलेली, आणि मला वरून दिसतं ते रिक्षाचं टप. म्हणून आपल्याच फुटेजमधल्या ३०० रिक्षांना हाताने बॉक्स काढायला घेतलेत, काल रात्रीपर्यंत ११० झाल्या.