वाढलेला माल

फुटणाऱ्या मालाच्या दुकानात वर्षअखेरीला माल वाढलेला दिसला की माझ्या पोटात गोळा येतो. कमी भरला तर समजतं, फुटला असेल, चोरीला गेला असेल, बिल करायचं राहिलं असेल. पण कप-बशा गोदामात पिल्लं घालत नाहीत.

सांगलीच्या गणपती पेठेत क्रॉकरीचं घाऊक दुकान आहे, तिथले हिशेब मी टॅली सॉफ्टवेअरवर बघते. 31 मार्च 2024 ला रविवार होता. शेठनी दुकान बंद ठेवून मोजणी लावली. दोन पोरं आणि हमालीचं काम बघणारे मामा सकाळी आठलाच गोदामात गेले होते. मी साडेदहाला पोचले तेव्हा अर्धी पत्रकं तयार होती आणि शेठ खुशीत होते. "ताई, पांढऱ्या कप-बशीचा सेट बघा. टॅलीत साडेदोनशे अकरा दिसतोय आणि मोजून भरलाय दोनशे बावीस!"

"साडेदोनशे अकरा नव्हे हो, दोनशे साडेअकरा," मी म्हटलं, पण माझं लक्ष पत्रकाकडे होतं.

हा सेट म्हणजे एका डब्यात सहा कप आणि सहा बशा, असे आठ डबे एका खोक्यात. पोरांनी लिहिलं होतं: खोकी 23, म्हणजे 184 सेट. सुटे डबे 31. सुटे नग 86, त्याला बारानं भागून सात सेट. एकूण 222. बेरीज चोख होती. चूक बेरजेत नव्हतीच.

मी पहिला प्रश्न 86 चा विचारला. "यात कप किती, बशा किती?" पोरगा म्हणाला, "कप चाळीस, बशा सेहेचाळीस. नग नगच की ताई." इथंच पहिली गोची. बारा नग म्हणजे सेट हे डबा बंद असेपर्यंत खरं. सुट्यात बारा बशा असल्या तरी सेट शून्यच. सुट्या मालातले सेट काढायचे तर कप वेगळे, बशा वेगळ्या मोजायच्या, ज्यांची संख्या कमी तेवढ्याच जोड्या, आणि सहा जोड्यांचा एक सेट. उरलेलं ते उरलेलं म्हणूनच लिहायचं.

मग आम्ही माळ्यावर गेलो. 2019 च्या पुरात पेठेत पाणी शिरलं तेव्हापासून शेठ खाली माल ठेवत नाहीत, सगळी थप्पी वर. वर उजेड कमी, त्यामुळे पोरांनी समोरून दिसणारी खोकी मोजून रांगा गुणल्या होत्या. खोकी खरंच 23 होती. पण बॅटरी मारली तेव्हा तीन खोक्यांवर कंपनीच्या छापील चिकटपट्टीच्या वर आपली साधी तपकिरी पट्टी दिसली. मी मामांना म्हटलं, "ही फोडलेली दिसतायत."

"व्हय की. गिऱ्हाइकाला दोन-तीन डबे काढून दिलं की परत पट्टी मारून ठिवतो. उघडं ठिवलं तर उंदरं शिरत्यात."

मामांचं बरोबर होतं, उंदरांच्या बाबतीत. पण पट्टी मारलेलं अर्धं खोकं लांबून भरल्या खोक्यासारखंच दिसतं, आणि मोजणारा त्याला आठनं गुणतो. तिन्ही उघडली. एकात पाच डबे, दुसऱ्यात सहा, तिसऱ्यात दोन. तिथं 24 धरले होते, निघाले 13. एका फटक्यात अकरा सेट गेले, आणि शेठचा चेहराही उतरला.

तिसऱ्या खोक्यात आपले पांढरे दोन डबे तळाला होते आणि वर निळ्या फुलांच्या सेटचे चार डबे. खोकं रिकामं पडलं की वरच्या वजनानं दबतं, म्हणून जे हाताला लागेल ते त्यात भरतात. मला वाटलं, असं उलटंही झालं असणार. निळ्या फुलांच्या सेटची पट्टी मारलेली खोकी उघडायला लावली, तर एकात आपले पांढरे तीन डबे सापडले. ते कुणाच्याच पत्रकात नव्हते. म्हणजे एकाच सवयीनं एकीकडे नसलेला माल धरला जात होता आणि दुसरीकडे सुटून जात होता. खोक्यावरचं नाव वाचून मोजणाऱ्याला यातलं काहीच कळत नाही.

आता सुटे डबे. 31 डबे फळीवर होते. डब्याच्या झाकणावर कंपनीचा गोल स्टिकर असतो. चार डब्यांचा स्टिकर फाटलेला होता. दोन उचलले तर हलके, आत फक्त पुठ्ठ्याचे कप्पे. त्यातले कप-बशा पुढच्या काचेच्या कपाटात मांडलेल्या होत्या, आणि कपाटातले ते बारा कप, बारा बशा पोरांनी त्या 86 मध्ये धरलेच होते. तेच दोन सेट एकदा डबा म्हणून आले आणि एकदा नग म्हणून. उरलेल्या दोन डब्यांत एकात चार कप सहा बशा, दुसऱ्यात पाच कप सहा बशा. गिऱ्हाइकाला फुटक्या कपाच्या बदली याच डब्यांतून काढून दिले होते.

बाकीच्या 27 डब्यांचा स्टिकर शाबूत होता, तरी मी ते काट्यावर ठेवून बघितले. आमच्या काट्यावर भरला डबा एक किलो सातशेच्या आसपास भरतो, पंचवीस-तीस ग्रॅम इकडेतिकडे. कप सव्वाशेच्या आसपास. त्यामुळे एक कप जरी नसला तरी डब्याचा काटा लगेच बोलतो. पण ही युक्ती अख्ख्या खोक्यावर चालत नाही. आठ डब्यांचा थोडा थोडा फरक एकत्र आला की तो एका कपाच्या घरात जातो आणि कमी आहे की नाही ते सांगता येत नाही. शिवाय काट्याला फुटलेलं कळत नाही, तुकड्यांचं वजन तेवढंच. त्यासाठी डबा कानाशी धरून हलवायचा. ते मामांना माझ्यापेक्षा चांगलं जमतं.

एवढं झाल्यावर आम्ही पहिली पत्रकं बाजूला ठेवून नव्यानं सुरुवात केली, आणि या वेळी मोजण्याआधी माल लावून घेतला. अर्धी खोकी रिकामी केली. त्यातले डबे एका फळीवर, आपले आणि निळे वेगळे. फाटक्या स्टिकरच्या डब्यांतले कप-बशा बाहेर काढून सुट्यांत मिसळले, रिकामे डबे चपटे करून टाकले. आता गोदामात तीनच अवस्था उरल्या: कंपनीच्या पट्टीचं खोकं, शाबूत स्टिकरचा डबा, आणि सुटा नग. पत्रकावर तिन्हींचे रकाने वेगळे, सुट्यात कप आणि बशी वेगळी. जागेवर गुणाकार-भागाकार कुणी करायचा नाही, फक्त आकडा लिहायचा. मोजलेल्या खोक्यावर खडूची फुली. एक पोरगा मोजेल, दुसरा त्याचा आकडा न बघता परत मोजेल. टॅलीचा आकडा दोघांनाही सांगायचा नाही. सकाळी शेठनी तो आधीच सांगून टाकला होता, ते मला नंतर कळलं.

दुपारी तीनला आकडे आले. पूर्ण खोकी 20, म्हणजे 160 सेट. सुटे डबे 43: फळीवरचे 27, फोडलेल्या खोक्यांतले 13, निळ्यांतले 3. हे 203 झाले. सुटे कप 49, त्यातल्या चारांच्या कडेचा टवका उडालेला, म्हणजे विकण्याजोगे 45. सुट्या बशा 58. जोड्या 45, म्हणजे सात सेट आणि तीन जोड्या. विकण्याजोगा माल 210 सेट आणि 3 जोड्या, वर जोडीदार नसलेल्या 13 बशा.

टॅलीत 211.50. जवळपास जुळलं म्हणून शेठ उठायला लागले. पण मला तो अर्धा सेट टोचत होता. घाऊक विक्री तर पूर्ण सेटचीच.

लेजर उघडल्यावर कारण सापडलं. काउंटरवर कुणी एक जोडी नेली की पोरं बिलात 0.17 सेट टाकत होती, कारण आमच्या सेटच्या युनिटला दोनच दशांश स्थळं दिलेली. एक षष्ठांश म्हणजे 0.1666 असं संपतच नाही. सहा जोड्या विकल्या की पुस्तकातून एक सेट जायला हवा, तिथं 1.02 जात होता. वर्षात सुट्या जोड्या गेल्या 450. पुस्तकातून गेले 76.50 सेट, प्रत्यक्षात 75. म्हणजे पुस्तक दीड सेट कमी दाखवत होतं. खरी शिल्लक 213 हवी, म्हणजे 1278 कप आणि 1278 बशा.

आता नगांनी बघितलं. गोदामात बशा 1276. दोन कमी. कप टवक्याच्या चारांसकट 1267. अकरा कमी. हे मला पटलं. कपाला कान असतो, तो आधी तुटतो. बशी एकात एक बसते, ती वाचते. सेटात मोजत बसले असते तर हे कधीच दिसलं नसतं, "अडीच सेटची तूट" एवढंच कळलं असतं. सकाळच्या आकड्यावर सही केली असती तर अकरा-बारा सेट नसलेला माल ताळेबंदात गेला असता, त्यावर नफा दिसला असता आणि नफ्यावर कर.

फुटलेल्याचं सगळं वेगळं लिहून काढलं, कारण फुटून गेलेल्या मालावर घेतलेलं जीएसटीचं क्रेडिट उलटवावं लागतं. सेटच्या युनिटची दशांश स्थळं शून्य केली. सुटा कप आणि सुटी बशी असे दोन वेगळे आयटम उघडले. आता डबा फोडला की स्टॉक जर्नल: एक सेट खर्ची, सहा कप आणि सहा बशा जमा. मामांना सांगितलं, फोडलेल्या खोक्यावर खुशाल पट्टी मारा, पण लाल, आणि वर खडूनं आतला आकडा. लाल पट्टी त्यांनी दुसऱ्या दिवशी स्वतःच आणली.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात दुकानात गेले तर शेठ पाहुण्यांना भडंग देत होते, सहा पांढऱ्या बशांतून. मी बघतेय हे बघून म्हणाले, "त्या तेरातल्याच आहेत हो. बिनकपाच्या."

मी आत जाऊन सुट्या बशीतून सहा नग कमी केले.