सुरंगी : स्टुडिओचं नाव आणि लोगो ठरवताना

वेंगुर्ल्यात ब्रायडल मेकअपचा स्टुडिओ काढायचं ठरलं, तेव्हा जागेपेक्षा नावाला जास्त वेळ लागला. आमच्याकडे मेकअपवाली कोण, हे नवरी एकटी ठरवत नाही. आई मावशीला विचारते, मावशी मुंबईच्या आत्याला सांगते, आणि हे सगळं फोनवर. मे महिन्यात गावाला येऊन लग्न उरकणाऱ्या चाकरमान्यांचं तर सगळं बुकिंगच फोनवर होतं. म्हणून माझी पहिली अट अशी की नाव एकदा ऐकून कळलं पाहिजे आणि ऐकणाऱ्याला ते टाइप करता आलं पाहिजे.

स्वतःचं नाव देऊन पुढे ‘मेकओव्हर्स’ जोडायचं, हा सगळ्यात सोपा मार्ग. तो मी मुद्दाम टाळला. पाटीवर माझं नाव असलं की नवरीच्या घरच्यांना ब्रश माझ्याच हातात हवा असतो. एकाच मुहूर्ताला दोन लग्नं आली आणि मी माझ्या हाताखालची मुलगी पाठवली, तर नाराजी ठरलेली. पुढेमागे ती मुलगी स्टुडिओत भागीदार झाली, तर मग पाटी बदलायची का?

माझं आवडतं नाव होतं ‘वळेसर’. इकडे केसांत माळायच्या गजऱ्याला वळेसर म्हणतात. शब्द आपला, दिसायलाही देखणा. पण फोनवर त्याची पार वाट लागली. आमच्या शेजारच्या काकींनी ऐकलं आणि विचारलं, “ह्यो खंयच्या सरांचो क्लास गो?” मुंबईच्या मावशीनेही ‘वळे सर’ असंच लिहून घेतलं. ते नाव तिथेच संपलं.

‘नवरी ब्रायडल स्टुडिओ’ कानाला चांगलं होतं, पण त्याची अडचण निराळी. जी सेवा द्यायची तिचंच वर्णन नावात असलं, तर ट्रेडमार्क कायद्याच्या कलम 9 खाली हरकत येते. नवरीला नटवणारा कोणीही ‘नवरी’ म्हणणार, तो शब्द एकटीला कसा मिळेल? दागिन्याचं एक नावही यादीत होतं. सरकारी ट्रेडमार्क शोधात ते वर्ग 44 मध्ये घातलं, तर उच्चाराने जवळजवळ तेच असलेलं एक नाव आधीच नोंदलेलं निघालं. सौंदर्यसेवा याच वर्गात येतात. सौंदर्यप्रसाधनं विकायची असतील तर वर्ग 3. शोध घेताना नुसत्या Wordmark वर थांबू नये, Phonetic हा पर्यायही चालवावा. मराठी शब्द रोमन लिपीत प्रत्येक जण आपापल्या परीने लिहितो, आणि हरकत घेताना कानाला सारखं वाटणारं नावही धरलं जातं.

शेवटी उरलं ‘सुरंगी’. आरवली-शिरोड्याकडे हे झाड सांगायला लागत नाही. फुलं फांदीलाच चिकटून गुच्छाने येतात, कळ्या उमलायच्या आत काढून ओवतात, आणि सुकल्यावरही वास राहतो. फोनवरच्या परीक्षेत मुंबईच्या एका भाचीने ‘सुरुंगी’ ऐकलं आणि स्फोट करणार काय असं विचारलं, पण सुरंगीच्या वळेसराची सुरंगी म्हटल्यावर तिलाही पटलं. मेकअपच्या संदर्भात हा शब्द वर्णन करत नाही, हे महत्त्वाचं. याच नावाने अत्तर विकायचं म्हटलं असतं, तर गोष्ट वेगळी झाली असती. इन्स्टाग्रामच्या नावात मी अंडरस्कोर आणि टिंब घातलं नाही. फोनवर ‘खालची रेघ’ समजावत बसायचं कोणी?

मग लोगो. डिझायनरने पहिला नमुना पाठवला तो अपेक्षेप्रमाणे मिटल्या डोळ्यांची अर्धी बाई, नाकात मोत्यांची नथ, सगळं सोनेरी. त्याला नको म्हणायला मला दोन कारणं होती. एक तर हा चेहरा जिल्ह्यातल्या कितीतरी पार्लरांवर आहे; माझी पाटी आणि शेजारचीची पाटी दुरून एकच वाटली असती. दुसरं, माझ्याकडे निकाहाच्या नवऱ्या येतात, चर्चमधल्या लग्नाच्याही येतात. पाटीवर नथ लावली की हे दुकान आपल्यासाठी नाही, असं त्यांच्या आयांना वाटणार. ते मला परवडणारं नव्हतं, आणि आवडणारंही नव्हतं.

सोनेरी रंगाचंही तसंच. पडद्यावर तो चमकतो कारण तिथे फिक्यापासून गडद अशा छटा असतात. साध्या चार रंगांच्या छपाईत धातूची चमक येतच नाही, कागदावर मळकट मोहरी रंग उतरतो. खरं सोनेरी हवं तर फॉइल, आणि फॉइल प्रत्येक पावतीवर कोण लावणार? आम्ही छटा नसलेला सपाट पिवळा घेतला, सुरंगीच्या केसरांचा, आणि अक्षरांना फांदीचा गडद तपकिरी.

खरी मारामारी झाली ती अनुस्वारावर. ‘सुरंगी’ जाड अक्षरात लिहिलं की ‘रं’वरचं टिंब शेजारच्या दीर्घ वेलांटीच्या वळणाला जाऊन चिकटतं. बारीक अक्षरात ते टिंब दिसेनासं होतं आणि ‘सुरगी’ वाचलं जातं. मी नमुना एक सेंटिमीटर उंचीचा छापून घेतला आणि हातभर लांबून पाहिला. तिथे टिंब गेलंच होतं. डिझायनरने मग टिंबाच्या जागी सुरंगीची कळी काढली, नेहमीच्या टिंबाहून मोठी, पिवळी, आणि वेलांटीचं टोक थोडं आखूड केलं. तेवढ्याने नाव वाचता येऊ लागलं आणि लोगोही तयार झाला. व्हॉट्सॲपच्या गोल फोटोत पूर्ण नाव कोंबायचं नाही, तिथे फांदीला चिकटलेल्या कळ्यांचा गुच्छ पुरतो, कारण नाव बाजूला लिहिलेलं असतंच.

फाइल घेताना एक गोष्ट मागून घ्यावी: अक्षरं कर्व्हमध्ये बदललेली व्हेक्टर फाइल. नुसता जेपीजी मोठा केला की कडा फाटतात. फॉन्टसकट फाइल पाठवली आणि फ्लेक्सवाल्याकडे तो फॉन्ट नसला, तर वेलांट्या भलतीकडे जातात. आमच्याकडच्या पाट्यांवर अशा भरकटलेल्या वेलांट्या भरपूर पाहिल्या आहेत मी.

पाटीच्या पहिल्या आराखड्यात इंग्रजी अक्षरं मोठी आणि मराठी खाली बारीक होती. ते कायद्यात बसत नाही. 2022 च्या दुरुस्तीनंतर महाराष्ट्रात दहापेक्षा कमी माणसांच्या दुकानालाही देवनागरी मराठी नाव आधी लिहावं लागतं आणि इतर लिपीतली अक्षरं त्याहून मोठी चालत नाहीत. आमचं मराठी नावच मोठं झालं, इंग्रजी एका ओळीत खाली गेलं. समुद्रावरून येणारा खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस लक्षात घेऊन फ्लेक्स आणि लोखंडी चौकट नको म्हटली. एसीपी शीटवर कापलेली ॲक्रिलिक अक्षरं घेतली, स्क्रू स्टेनलेसचे. अक्षराचा रंग ॲक्रिलिकमध्येच असतो, त्यामुळे छपाईसारखा तो उडून जात नाही.

ट्रेडमार्कचा अर्ज मी फक्त शब्दासाठी केला, लोगोसाठी नाही. एका व्यक्तीला एका वर्गासाठी ऑनलाइन 4,500 रुपये फी पडते आणि अर्ज नाकारला गेला तरी ती परत मिळत नाही. पुढे कळीचा आकार बदलला तरी शब्दाचा अर्ज तसाच राहतो. नोंदणी होईपर्यंत नावापुढे ™ लिहिता येतं, ® लिहिणं मात्र गुन्हा आहे. कार्ड छापणाऱ्याने ते हौसेने घातलं होतं, मी काढायला लावलं.