झाकणावरचे काळे ठिपके: फोटोंवरून एका भेटपेटीची पाहणी

साताऱ्याच्या ताईंच्या चामडी भेटपेटीचे फोटो मागच्या आठवड्यात आले आणि ठरलेली नोंद बाजूला ठेवून मला आधी त्यांच्याविषयीच लिहावेसे वाटले. साधारण अठरा बाय बारा सेंटीमीटरची पेटी, हिरडा-बाभळीने कमावलेले अडीच मिलिमीटर जाडीचे चामडे, चार मिलिमीटर अंतराची सॅडल स्टिच आणि ओले करून साच्यावर बसवलेले झाकण, अशी ही रचना आहे. एकाच दोऱ्याच्या दोन्ही टोकांना सुया लावून प्रत्येक भोकातून दोन्ही सुया काढण्याचे काम त्यांनी मनापासून केले आहे. पुढच्या बाजूला सगळे टाके एकाच कलाने झुकलेले दिसतात आणि कोपऱ्यावर, जिथे भोके पाडायची आरी ४५ अंशांत धरावी लागते, तिथेही भोकांचे कडेपासूनचे अंतर ढळलेले नाही. हे साधणे किती कठीण आहे, हे ज्याने एकदा काटकोनात दोन तुकडे शिवले असतील त्याला सांगायला नको.

प्रश्न होता झाकणाच्या शिवणीचा, कारण तिथल्या जवळजवळ प्रत्येक भोकाभोवती काळसर ठिपका दिसत होता. पहिले फोटो पिवळ्या दिव्याखाली काढलेले होते आणि त्यांत ते ठिपके तपकिरी वाटत असल्यामुळे दोऱ्याच्या मेणात अडकलेली धूळ असावी, असे ताईंचे मत होते. मेणाचा मळ मात्र चकाकतो आणि तो भोकापेक्षा दोऱ्याला अधिक चिकटतो, तर इथे दोरा स्वच्छ होता. सावली असेल तर प्रकाशाची दिशा बदलताच ती सरकायला हवी, म्हणून मी त्यांना खिडकीजवळ, दिवसाउजेडी, एकदा डावीकडून आणि एकदा उजवीकडून प्रकाश घेऊन फोटो काढायला सांगितले. ते फोटो व्हॉट्सअॅपवर डॉक्युमेंट म्हणून मागवले, कारण साध्या पद्धतीने पाठवलेल्या फोटोत बारीक तपशील दाबले जातात आणि अशा पाहणीला नेमके तेच लागतात.

नव्या फोटोंत ठिपके जागचे हलले नाहीत आणि त्यांचा रंग निळसर करडा निघाला. बुरशी असती तर ती भोकांची रांग धरून राहिली नसती, शिवाय कोरड्या फडक्याने थोडी तरी पुसली गेली असती. ताईंनी पुसून पाहिले, काहीही निघाले नाही. मग लक्षात आले की पेटीच्या खालच्या भागावर एकही ठिपका नाही. तो भाग कोरडा असताना शिवला होता, झाकणाला मात्र साच्यावरून काढल्यावर दमट असतानाच भोके पाडली होती. कोडे तिथेच सुटले. वनस्पतीजन्य पद्धतीने कमावलेल्या चामड्यात टॅनिन असते आणि ओलाव्यात लोखंडाचा स्पर्श झाला की दोन्ही मिळून निळा-काळा रंग तयार होतो. हिरड्यापासून शाई करण्याच्या जुन्या रीतीत हीच क्रिया मुद्दाम घडवली जाते. आरीचे पाते कार्बन पोलादाचे होते आणि जवळच्या फोटोत त्याच्यावर गंजाची बारीक झाकही दिसली.

उपाय म्हणून लिंबाचा रस पाण्यात मिसळून आधी त्याच चामड्याच्या तुकड्यावर करून पाहावा, कारण आम्लाने डाग फिका होतो तसा चामड्याचा मूळ रंगही उतरतो. म्हणूनच ठिपक्यांपुरता रस न लावता झाकणाचा पूर्ण पृष्ठभाग सारखा ओला करावा, नंतर स्वच्छ पाण्याने पुसून सावलीत वाळवावा आणि शेवटी तेलाचा अगदी पातळ हात द्यावा. भोकाच्या आत खोल गेलेला डाग पूर्ण जाईल, असे मला वाटत नाही. अशा कामासाठी स्वस्त आरी घेऊ नये, हे माझे ठाम मत या फोटोंनी आणखी पक्के केले. निदान पाते पट्ट्यावर घासून चकचकीत ठेवावे आणि दर काही भोकांनंतर पुसावे.

कडा चांगल्या घोटल्या आहेत, त्यावर जास्त लिहिण्यासारखे नाही. पॅकिंगमध्ये मात्र बदल हवा. पेटीभोवती मलमलीचे कापड आहे ते योग्यच, पण त्यावर बंद प्लॅस्टिकची पिशवी आहे आणि आभाराची चिठ्ठी स्टेपलरच्या पिनेने त्या मलमलीला टाचली आहे. पावसाळ्यात पिशवीत ओल अडकली तर बुरशीचा धोका आहेच, शिवाय ती पिन चामड्याला टेकली तर पुन्हा तोच काळा डाग उमटेल. चिठ्ठी सुती दोऱ्याने बांधावी आणि प्लॅस्टिकऐवजी पुठ्ठ्याचे खोके वापरावे.

हे लिहिता लिहिताच माझ्या पेटीचा आराखडाही बदलला. झाकणात चामड्याच्या दोन थरांमध्ये पोलादी चकती आणि समोर चुंबक बसवण्याचा विचार मागच्या नोंदीत मांडला होता, पण साच्यावर बसवताना तो थर ओला राहणार आणि चकतीचा डाग वर उमटण्याची भीती आहे. त्यामुळे आता पितळी बटण आणि चामड्याची पट्टी वापरणार आहे. झाकण पूर्ण वाळल्यावरच भोके पाडायची, हेही ठरले. कोरड्या चामड्यात आरीला जोर जास्त लागेल, म्हणून टाक्यांच्या जागा आखणाऱ्या चिझलचे ठसे थोडे खोल घ्यावे लागतील. ताईंचे लिंबू लावल्यानंतरचे फोटो आले की पुढच्या नोंदीत ते शेजारी शेजारी ठेवेन.