कॉम्प्रेसरचं करंट, नोंदवही क्र. ५ : दीड अँपिअर कुठून वाढलं?

कोपरखैरणे, ११ मे.

मागच्या नोंदीत मी लिहिलं होतं की बेडरूमच्या एसीचं करंट गेल्या वर्षीपेक्षा जास्त दिसतंय आणि मला कॉम्प्रेसरची काळजी वाटतेय. तो प्रश्न आज सुटला. वाढलेल्या करंटमागे दोन कारणं निघाली आणि दोन्ही कॉम्प्रेसरच्या बाहेरची होती. मेकॅनिक दादांनी ती ज्या क्रमाने शोधली, तो क्रम इथे नीट उतरवून ठेवतेय.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: एसी दीड टनाचा, स्प्लिट, साधा म्हणजे बिनइन्व्हर्टरचा, २०१८ मध्ये घेतलेला, गॅस आर-३२. आउटडोरच्या पट्टीवर रेटेड करंट ७.४ अँपिअर आहे. त्याच्याच खाली कमाल करंट म्हणून ११ अँपिअर आहे. हा दुसरा आकडा बघून 'अजून खूप जागा आहे' असं समजू नका. तो वायर आणि एमसीबी निवडण्यासाठी असतो. रोजच्या तुलनेला रेटेड करंटच घ्यायचं, आणि तेही बाहेर ३५ अंश व खोलीत २७ अंश या चाचणीच्या स्थितीतलं आहे हे लक्षात ठेवून.

मोजण्यासाठी मी अडीच स्क्वेअर मिलिमीटरच्या तीन कोअर केबलचा हातभर तुकडा केलाय. एका टोकाला १६ अँपिअरचा प्लग, दुसऱ्या टोकाला सॉकेट. मधलं फक्त बाहेरचं आवरण काढलंय, आतल्या तिन्ही वायरींचं स्वतःचं इन्सुलेशन शाबूत आहे. टाँग टेस्टर म्हणजे वायरीभोवती जबडा मिटून करंट मोजणारं मीटर, त्याच्या जबड्यात एकटी फेज यायला हवी. अख्खी केबल आत घेतली तर जाणारं आणि येणारं करंट एकमेकांना खोडतं आणि मीटर शून्याजवळ बसतं. ही जोडणी स्टॅबिलायझरच्या पुढे, एसीच्या बाजूला लावते. व्होल्टेज पडलेलं असताना स्टॅबिलायझर ते वर चढवतो आणि त्या बदल्यात मागून जास्त करंट घेतो, त्यामुळे त्याच्या मागे मोजलं तर कॉम्प्रेसरवर उगाच आळ येतो.

प्रत्येक वेळी तीन गोष्टी लिहिते: करंट, व्होल्टेज आणि आउटडोरच्या मागच्या जाळीपाशी, म्हणजे हवा आत जाते तिथलं तापमान. हवामान खात्याचं तापमान इथे कामाचं नाही. आमच्या इमारतीत सगळी आउटडोर युनिटं एकाच डक्टमध्ये एकावर एक आहेत. खालच्या मजल्यांची गरम हवा वर येते आणि रात्री दहाच्या सुमाराला, घराघरात एसी चालू झाले की, डक्टमध्ये बाहेरच्यापेक्षा चार-पाच अंश जास्त सहज भरतात. कंडेन्सरला, म्हणजे आउटडोरमधल्या कॉइलला, गरम हवा मिळाली की डिस्चार्जचा, म्हणजे कॉम्प्रेसरमधून बाहेर पडणाऱ्या गॅसचा दाब चढतो, कॉम्प्रेसरला जास्त जोर लावावा लागतो आणि अँपिअर वाढतं. यात बिघाड काहीच नसतो. म्हणून जानेवारीचा आकडा मेच्या आकड्याशी मी कधीच ताडून बघत नाही.

यंदा चौथी गोष्ट जोडली, आणि तिनेच खरी दिशा दाखवली. वीज मीटरवरचा लाल दिवा लुकलुकतो ना, तो मोजायचा. माझ्या मीटरवर 3200 imp/kWh छापलंय, म्हणजे एका युनिटला ३२०० लुकलुक. घरातलं बाकी सगळं बंद करून एका मिनिटातल्या लुकलुका मोजायच्या, ६० ने गुणायचं, ३२०० ने भागायचं. आले किलोवॅट.

गेल्या वर्षी मेमध्ये, सर्व्हिसिंगनंतर आठवड्याने, जाळीपाशी ३५ अंश आणि २३१ व्होल्ट असताना करंट ७.२ अँपिअर होतं. त्या वेळी लुकलुकाही गंमत म्हणून मोजल्या होत्या, ८५ भरल्या. म्हणजे १५९४ वॅट. या ७ मेला तापमान तेच ३५, व्होल्टेज २२९, आणि करंट ८.७. लुकलुका ९४, म्हणजे १७६२ वॅट.

करंट एकवीस टक्के वाढलं, वॅट मात्र साडेदहा टक्केच. कंडेन्सर घाण होता, गॅस जास्त होता किंवा बेअरिंग जड झालं होतं, असं एकटं कारण असतं तर कॉम्प्रेसरने खरोखर जास्त काम केलं असतं आणि दोन्ही आकडे साधारण बरोबरीने चढले असते. इथे वाढलेल्या करंटपैकी बराच भाग काम न करता नुसता ये-जा करत होता, म्हणजे पॉवर फॅक्टर ढासळला होता. हिशोबाने तो ०.९६ वरून ०.८८ वर आला होता. वहीत एवढं लिहून मी दादांना फोन लावला, कारण पुढचं मोजमाप आउटडोरचं झाकण उघडूनच होतं आणि ते माझं काम नाही.

दादा आज सकाळी आले. वही बघितली आणि पहिला प्रश्न विचारला, "ताई, रात्री चालू होताना आवाज येतो का? घुंऽऽ करून मग उचलतो असा?" येत होता. दोन-तीन सेकंद. मी ते वहीत लिहिलंच नव्हतं, कारण मीटर लावण्याआधीची गोष्ट म्हणून लक्ष दिलं नव्हतं.

त्यांनी एसी १८ वर, पंखा जोरात ठेवून पंधरा मिनिटं चालू दिला. चालू झाल्यावर पहिल्या पाच मिनिटांतला आकडा ते धरतच नाहीत, दाब स्थिरावलेले नसतात. मग व्होल्टेज बघितलं, २२९. पंख्याची वायर वेगळी मोजली, ०.४ अँपिअर. तिथे नेहमीचंच करंट होतं, म्हणजे संशय कॉम्प्रेसरच्या वायरींवर.

कॉम्प्रेसरला तीन वायरी जातात: कॉमन, रन, स्टार्ट. बरेच जण नुसती कॉमन मोजतात. दादांनी तिन्ही मोजल्या. कॉमनवर ८.२, रनवर ६.३, स्टार्टवर ३.५. रन आणि स्टार्टची बेरीज ९.८ होते, पण कॉमनवर तेवढं येत नाही, कारण स्टार्टच्या वायरीला जोडलेल्या कॅपॅसिटरमुळे तिचं करंट रनच्या पुढे धावतं आणि दोघांचे कळस वेगवेगळ्या क्षणी येतात. खरा सुगावा स्टार्टच्या आकड्यात होता. कॅपॅसिटर धडधाकट असेल तर तिथे पाचच्या आसपास यायला हवं, असं दादा म्हणाले.

मग चालू स्थितीतच कॅपॅसिटरच्या दोन टोकांवरचं व्होल्टेज घेतलं: ३३५. घरातल्या लाइनपेक्षा हे जास्त असतं, म्हणून हे धाडस हौशी माणसाने करू नये. आता स्टार्टच्या अँपिअरला ३१८३ ने गुणायचं आणि या व्होल्टेजने भागायचं, की मायक्रोफॅरड मिळतात. ३१८३ हा आकडा आपल्या ५० हर्ट्झचा आहे. परदेशी व्हिडिओंमध्ये २६५२ दिसतो, तो ६० हर्ट्झचा, तो इथे लावू नका. उत्तर आलं ३३. कॅपॅसिटरच्या डब्यावर ४५ लिहिलं होतं, पाच टक्के कमी-जास्त. एसी बंद केला, रेझिस्टर लावून कॅपॅसिटर रिकामा केला, काढून मीटरवर मोजला. तेच, ३३. डबा फुगलेला नव्हता, तेल गळलेलं नव्हतं. नुसतं बघून कोणी तो बदलला नसता.

नवा ४५ चा बसवला. स्टार्टवर ४.९, रनवर ५.०, कॉमनवर ७.१. रनचं करंट ६.३ वरून ५.० वर आलं. वाइंडिंगमध्ये उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. म्हणजे गेले काही आठवडे रन वाइंडिंग दीडपटीहून जास्त तापत होतं. असंच वर्षभर चाललं असतं तर इन्सुलेशन भाजलं असतं, आणि तेव्हा 'कॉम्प्रेसर गेला' हेच निदान निघालं असतं.

माझ्या जोडणीवर आता ७.७ अँपिअर आणि ८९ लुकलुका. पॉवर फॅक्टर जागेवर आला, पण गेल्या वर्षीच्या ७.२ पेक्षा आकडा अजून अर्धा अँपिअर वर होता. या वेळी करंट आणि वॅट साधारण जोडीने जास्त होते, म्हणून दादांनी लगेच कंडेन्सरकडे बोट दाखवलं. खाडीची दमट हवा आणि शेजारी चालू असलेलं बांधकाम, यामुळे पात्यांमध्ये सिमेंटच्या धुळीचा थर बसला होता. पंप लावून आतून बाहेर धुतला, अर्धा तास वाळू दिला. ७.३ अँपिअर, ८६ लुकलुका. जाळीपाशी ३५ अंश, २३० व्होल्ट.

चहा घेताना मी विचारलं, करंट कमी आलं तर चांगलंच ना? दादांनी जोरात मान हलवली. साडेसातच्या एसीवर साडेचार दिसलं तर ते आधी खोलीतला फिल्टर बघतात, कारण फिल्टर चोंदला की कॉइलला उष्णता मिळत नाही आणि कॉम्प्रेसर हलका चालतो. फिल्टर स्वच्छ असेल तर गेज लावतात. गॅस कमी असेल तर सक्शनचा, म्हणजे कॉम्प्रेसरमध्ये परत येणाऱ्या गॅसचा दाब पडलेला असतो. सक्शन चढलेलं आणि डिस्चार्ज उतरलेलं असेल, तर कॉम्प्रेसर आतूनच दाब धरत नाहीये. टाँग टेस्टरला या दोन्हींत फरक कळत नाही, तिथे त्याची हद्द संपते. आणि सगळ्यात फसवी स्थिती म्हणजे गॅस थोडा कमी आणि कंडेन्सर घाण. एकाने करंट उतरतं, दुसऱ्याने चढतं, आणि मीटरवर छान ७.४ दिसतं.

याचमुळे पट्टीवरचा अँपिअर येईपर्यंत गॅस भरत राहणं मला अजिबात पटत नाही. माझ्याच एसीत त्या ३३ च्या कॅपॅसिटरसह कोणी असा गॅस भरला असता तर करंट आधीच वर असल्याने गॅस कमी असूनही हात आवरता घेतला असता. पट्टीवर ग्रॅममध्ये वजन दिलेलं असतं. तेवढा काट्यावर मोजून भरावा, अँपिअर नंतर पडताळणीला घ्यावं.

ज्यांच्याकडे इन्व्हर्टर एसी आहे त्यांनी ही पद्धत वापरू नये. तिथे कॉम्प्रेसरचा वेग सतत बदलतो, त्यामुळे ३ अँपिअरही योग्य असू शकतं आणि ८ ही. शिवाय रन कॅपॅसिटरचा प्रश्नच येत नाही.

वहीत आजपासून पाचवा रकाना आखलाय: चालू होताना किती सेकंद घुमतो. आज रात्री साडेदहाला, डक्टमध्ये ३८ अंश असताना, तो आवाज न करता उचलला आणि करंट ७.६ वर स्थिरावलं. पुढची नोंद १५ जूनला, पाऊस सुरू झाल्यावर.