बसलं की फ्यूज उडतो: उंदरानं कुरतडलेल्या वायरिंगची नोंद

गाडी दीडशे सीसीची, कार्ब्युरेटरवाली, वय १४ वर्षं. जूनच्या शेवटापासून गणपतीपर्यंत ती इंदूरला रामबागेतल्या काकांच्या वाड्यात, ओसरीला लागून उभी होती. ओसरीशेजारच्या खोलीत गव्हाची कोठी आहे. वर्षाचा गहू आम्ही उन्हाळ्यातच भरतो, त्यामुळे पावसाळ्यात तिथे उंदीर असणार हे आधीच लक्षात यायला हवं होतं. परत आल्यावर सीट काढली तर एअर फिल्टरच्या डब्याच्या मागे चिंध्या, सीटचा फोम आणि गव्हाची फोलपटं कोंबून केलेलं घरटं. ते काढलं, बॅटरी चार्ज केली, सेल्फ मारला. गाडी सुरू झाली, पण गल्लीच्या टोकाशी बंद. १५ अँपिअरचा मेन फ्यूज उडालेला.

पहिला रविवार

नवा फ्यूज टाकला. स्टँडवर गाडी अर्धा तास चालली. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवलं, हॉर्न, इंडिकेटर, ब्रेकलाईट सगळं ठीक. काकांनी चक्कर मारायला घेतली आणि पन्नास पावलांवर फ्यूज पुन्हा गेला. आधी गॅरेजमध्येही हेच झालं होतं. तिथे गाडी स्टँडवर तपासली, काही सापडलं नाही, फ्यूज बदलून परत दिली.

असा येऊन-जाऊन होणारा शॉर्ट शोधताना फ्यूज जाळत बसण्यात अर्थ नसतो. फ्यूज क्षणात वितळतो आणि नेमकं काय हललं तेव्हा वितळला ते कळत नाही. म्हणून फ्यूजच्या जागी बल्ब लावला. ब्रेकलाईटचा १२ व्होल्ट २१ वॅटचा बल्ब, होल्डरसकट, आणि दोन वायरींच्या टोकांना फ्यूजच्या खाचेत बसतील अशा चपट्या थिंबल. शॉर्ट झाला तरी या बल्बमधून पावणेदोन अँपिअरच्या वर करंट जात नाही. म्हणजे वायर तापत नाही आणि शॉर्ट जितका वेळ असेल तितका वेळ बल्ब उजळलेला राहतो. हवा तितका वेळ शोधता येतं.

ही तपासणी इंजिन बंद ठेवूनच करायची. इंजिन चालू असताना बॅटरीची वाट अशी अडवली तर बॅटरी चार्ज करणाऱ्या रेक्टिफायरचं व्होल्टेज वर उसळू शकतं. हेडलाईट बंद हवा. किल्लीबरोबर आपोआप लागणारा असेल तर त्याचा कपलर काढून ठेवा, नाहीतर आपला बल्ब त्याच्याच करंटवर पेटेल आणि फसाल. किल्ली चालू केल्यावर न्यूट्रलचा छोटा दिवा लागतो आणि आपला बल्ब विझलेला दिसतो, ही निरोगी अवस्था. ब्रेक दाबला की दोन्ही बल्ब मंद लागतात, तेही बरोबर आहे. पण आपला बल्ब एकदम लख्ख झाला आणि त्याच क्षणी न्यूट्रलचा दिवा गेला, तर तो शॉर्ट.

मी हँडल फिरवलं, काही नाही. टाकीखालचं वायरिंग लाकडी लाटण्याच्या टोकानं वीतभर-वीतभर उचलत गेलो, काही नाही. मग काकांना म्हटलं, "काका, नुसतं बसा, किक मारू नका." ते बसले आणि बल्ब लख्ख लागला. उठले, विझला. पुन्हा बसले, पुन्हा लागला.

स्टँडवर दोष का दिसत नव्हता ते तिथेच कळलं. माणूस बसल्यावर सीटचा तळ खाली दबतो, तो वायरिंग किटला चेसीच्या कडेवर दाबतो. काका बसलेले असताना मी खालून टॉर्च मारली. मागच्या ब्रेकच्या स्विचकडे जाणारी, किल्ली चालू केली की करंट असणारी तपकिरी वायर, तिच्यावरचं आवरण साधारण बोटाच्या पेराएवढं सोललेलं, आणि तांब्याचे चार-पाच धागे चेसीच्या कडेला टेकलेले. कडेवर काळा ठिपका पडला होता, ठिणग्यांचा. दातांच्या खुणा शेजारच्या दोन वायरींवरही होत्या, पण तिथे तांबं उघडं पडलेलं नव्हतं.

त्याच आठवड्यात, संध्याकाळी थोडं थोडं

कुरतडलेली वायर नुसती टेप गुंडाळून सोडू नये, हे मला इथे फार जाणवलं. वरून तांबं लालसर दिसत होतं, पण आवरण आणखी सोललं तर आत हिरवट पूड. उंदराच्या मुतातलं मीठ ओल धरून ठेवतं आणि गंज धाग्याधाग्यानं आवरणाच्या आतून पुढे सरकतो. मी चकचकीत तांबं लागेपर्यंत कापत गेलो. एका बाजूला ४ सेंटिमीटर कापावं लागलं, दुसऱ्या बाजूला जेमतेम १. मधे तेवढ्याच जाडीचा नवा तुकडा घातला.

जोड क्रिंप केला, म्हणजे दाबून आवळला, डाग दिला नाही. डाग दिला की कथील धाग्यांतून थोडं आत चढतं, तिथे वायर कडक होते, आणि जिथे कडकपणा संपतो तिथेच थरथरीनं ती तुटते. क्रिंप केल्यावर जोड दोन्ही हातांनी नीट ओढून बघायचा. सुटायचा असेल तर आत्ताच सुटू दे. वर गोंदवाली हीट श्रिंक स्लीव्ह. साधी काळी टेप आपल्या इंदूरच्या मे महिन्यात पाघळते आणि पुढच्या पावसात उलगडते. शेवटी किट चेसीच्या कडेपासून दोन बोटं लांब बांधलं आणि कडेवर रबरी नळी चिरून बसवली.

काका बसले, मी मागे बसलो, दोघांनी सीटवर उड्या मारून पाहिल्या. बल्ब विझलेलाच. फ्यूज परत बसवला.

दुसरा रविवार

फ्यूज गेला नाही. पण तीन दिवस ऑफिसला नेल्यावर चौथ्या सकाळी सेल्फ नुसता टिकटिक करत राहिला, हॉर्न घोगरा. बॅटरी उतरलेली.

मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवून रेक्टिफायरपासून बॅटरीपर्यंतची लाल वायर तपासली. बीप छान वाजला. इथेच बहुतेक जण वायर बरी आहे असं ठरवून नवी बॅटरी आणतात. तो बीप मीटरच्या स्वतःच्या नगण्य करंटवर वाजतो. वीस धाग्यांपैकी एकच धागा शाबूत असला तरी वाजतो. ओहमवर मोजूनही उपयोग नाही, कारण आपल्याला शोधायचा आहे पाव ओहमच्या आतला अडथळा, आणि स्वस्त मीटरच्या दोन पिना एकमेकींना टेकवल्या तरी तेवढं दाखवलं जातं.

म्हणून वायरीतून खरा करंट वाहत असताना मोजायचं. बॅटरी मुद्दाम पूर्ण चार्ज केली नाही, अर्धवट रिकामी असली की ती जास्त करंट ओढते आणि दोष ठळक दिसतो. गाडी अंगणात मोकळ्यावर डबल स्टँडवर लावली, इंजिन साधारण ३५०० आरपीएमवर, हेडलाईट चालू. मीटर डीसी २० व्होल्टवर. लाल पिन रेक्टिफायरच्या बाहेर येणाऱ्या लाल वायरीवर, काळी पिन बॅटरीच्या प्लसवर. दोन्ही टोकं एकाच वायरीची, त्यामुळे मीटरनं जवळजवळ शून्य दाखवायला हवं. ०.२-०.३ पर्यंत मी चालवून घेतो.

सुरुवातीला ०.३० आलं. थांबलो असतो तर चुकलो असतो. इंजिन चालू ठेवलं. पाच मिनिटांनी ०.७, दहा मिनिटांनी १.२५. त्या वेळी रेक्टिफायरपाशी १४.३ व्होल्ट होते आणि बॅटरीवर फक्त १३.०. रेक्टिफायर आपलं काम चोख करत होता, ते पोचतच नव्हतं. मायनसच्या बाजूनंही असंच मोजलं, बॅटरीचा मायनस ते रेक्टिफायरची हिरवी अर्थ वायर. तिथे ०.०५, म्हणजे अर्थ निर्दोष. (माझ्या गाडीत अर्थ हिरवी आहे. तुमच्या गाडीचा रंग वायरिंग डायग्राममध्ये बघून घ्या.)

मग दोन पिना जवळ जवळ आणत गेलो. रेक्टिफायरच्या कपलरच्या पाठीमागून, वायरीच्या कडेनं, शिवणाची टाचणी आत सरकवली आणि तिला मीटरची पिन टेकवली. वायरीच्या आवरणाला टाचणीनं भोक पाडू नका, पुढच्या पावसात तिथूनच पाणी शिरेल. कपलरच्या अलीकडे एक टाचणी, पलीकडे एक. मधलं अंतर जेमतेम दोन सेंटिमीटर आणि व्होल्टेज १.१.

कपलर थंड झाल्यावर उघडला, म्हणजे उघडायला लावलं. लाल वायरीच्या बाजूचं पांढरं प्लॅस्टिक चॉकलेटी होऊन वितळलेलं, दोन्ही अर्धे एकमेकांत चिकटलेले. आतली पितळी थिंबल निळसर पडलेली आणि तिची पकड गेलेली. शेजारी पांढरट-हिरवी खपली. घरटं बरोबर याच्या वर होतं.

हिशोब साधा आहे. चार्जिंगचा करंट ५ अँपिअर धरला तरी १.१ व्होल्टनं साडेपाच वॅट होतात. साडेपाच वॅट उष्णता तांदळाच्या दाण्याएवढ्या जागेत. तापलं की पितळेची स्प्रिंग ढिली पडते, ढिली पडली की अडथळा वाढतो, त्यानं आणखी तापतं. थंड असताना ०.३ आणि दहा मिनिटांनी १.२५ का, तेही यातच आलं.

काल

महाराणी रोडवरून नवा कपलर आणि ६.३ मिलिमीटरच्या थिंबल आणल्या. दुकानदारानं आधी हलक्या दिल्या होत्या. नर थिंबल एकटी हातानं सरकवून बघितली, ती बोटाच्या हलक्या दाबानं आत गेली. अशी पकड नको. जी ढकलताना अंगठा दुखावा इतकी घट्ट होती ती घेतली. वितळलेल्या थिंबलमागची वायर दोन इंच कडक, काळी पडली होती, तेवढी कापून टाकली. नुसतं प्लॅस्टिक बदलून जुन्याच थिंबल आत सरकवल्या तर नवा कपलरही असाच वितळेल.

पुन्हा तीच चाचणी, तोच आरपीएम, हेडलाईट चालू, या वेळी पंधरा मिनिटं. कपलरवर ०.०४ आणि शेवटपर्यंत तिथेच. पूर्ण लाल वायरीवर ०.१८. बॅटरीवर १४.१. कपलरला हात लावला तर कोमट.

गाडी आता कोठीच्या खोलीपासून हलवून फाटकाजवळ लावतो, आणि दर रविवारी सीट काढून टॉर्च मारतो. विषाची वडी गाडीत ठेवली नाही, उंदीर किटमध्येच मरून पडला तर ते निस्तरणं अवघड. डांबराच्या गोळ्या काकूंनी दिल्यात, पण मोकळ्या हवेत त्यांचा वास फार दिवस टिकत नाही, त्यामुळे त्यांच्यावर भिस्त नाही.

दात उमटलेल्या त्या दोन वायरी अजून बाकी आहेत. त्यातली एक पिकअप कॉइलची आहे. येत्या रविवारी आवरण सोलून आत हिरवं चढलंय का ते बघणार.