धुक्यातला माणूस आणि धुक्यापुढचा माणूस

एका कादंबरीच्या मुखपृष्ठाचं काम होतं. धुक्यात हरवत जाणारा सरळ रस्ता, कडेला सारख्या अंतरावर विजेचे खांब, आणि त्या रस्त्यावरून पाठमोरा चाललेला एक माणूस. रस्त्याचा फोटो आधीच पसंत झाला होता, अस्सल धुक्यातला. माणूस मात्र त्यात नव्हता. तो मी माझ्या मित्राला गच्चीवर उभं करून वेगळा टिपला. गडद कोट, आतल्या पांढऱ्या शर्टाची कॉलर आणि बाह्यांची टोकं बाहेर डोकावणारी. आभाळ भरलेलं होतं ते बरं झालं. कडक उन्हात काढला असता, तर कानामागची धारदार सावली कुठल्याच धुक्याने लपली नसती. धुक्यात उजेड सगळीकडून येतो, तिथे अशी सावली पडतच नाही.

पहिला प्रयत्न अर्ध्या तासात उरकला. फोटोशॉपमध्ये माणूस कापून रस्त्यावर ठेवला, सगळ्यावर पांढरट धुक्याचा एक लेयर Screen मोडमध्ये टाकला, मऊ ब्रशने पायाशी थोडे ढग काढले आणि पाठवून दिला. संपादकबाईंचा फोन आला. म्हणाल्या, "अहो, हा माणूस धुक्यात नाहीये, धुक्यापुढे उभा आहे."

म्हणणं खरं होतं. मी म्हटलं, धुकं कमी पडलं असेल. लेयर वाढवला. आता मागचे खांब पार पुसले गेले आणि माणूस होता तसाच, जणू काचेवर चिकटवलेला. घोळ इथेच होता. मागच्या फोटोत खरं धुकं आधीपासून होतं, त्यावर मी दुसरं धुकं चढवत होतो. माणसाच्या अंगावर पहिलं धुकं नव्हतंच. त्यामुळे एकच लेयर दोघांवर कितीही चढवला, तरी दोघांतला फरक जायचा नाही. हवं होतं ते फक्त माणसासाठीचं धुकं, आणि तेही तो उभा आहे तेवढ्या अंतराचं.

धुकं नेमकं काय करतं, हे मी तेव्हा नीट बसून समजून घेतलं. वस्तूकडून येणारा प्रकाश वाटेत थोडा थोडा गळत जातो आणि त्याच्या जागी धुक्याचा स्वतःचा उजेड भरत जातो. अंतराच्या दर टप्प्याला उरलेल्या प्रकाशाचा ठरावीक वाटा जातो, चक्रवाढ व्याजासारखा, फक्त उलटा. सूत्रात मांडलं तर असं:

```
दिसणारा रंग = मूळ रंग × t + धुक्याचा रंग × (1 − t)
```

यातला t म्हणजे वस्तूचा किती भाग अजून शिल्लक आहे तो. हे सूत्र पाहिलं आणि कपाळावर हात मारला. हा तर Normal मोडमधला साधा, एकरंगी लेयर! त्याची Opacity म्हणजेच (1 − t). ना Screen हवं, ना ढगांचे ब्रश.

आता t किती, हा प्रश्न. उत्तर फोटोतच होतं, कारण खांब सारख्या अंतरावर होते आणि सगळे एकाच गडद रंगाचे. आयड्रॉपरचा नमुना 5 by 5 Average वर ठेवला, म्हणजे एखाद्या दाण्याने फसायला नको, आणि 0 म्हणजे काळा, 255 म्हणजे पांढरा या मापावर क्षितिजाजवळचं निव्वळ धुकं मोजलं: 205. पहिला खांब 75, दुसरा 112, तिसरा 138, चौथा 156. खांब धुक्यापेक्षा किती गडद आहेत ते पाहिलं तर 130, 93, 67, 49. दर खांबाला फरक साधारण 0.72 पट होत चाललेला. त्याच हिशेबाने एक टप्पा मागे, म्हणजे कॅमेऱ्यापाशी गेलं की खांबाचा मूळ रंग निघतो सुमारे 25. (खरं तर हा नियम प्रकाशाच्या मोजमापाला लागू पडतो, आणि स्क्रीनवरचे आकडे गॅमाने वाकवलेले असतात. म्हणून हे ठोकताळेच. पण सुरुवात करायला पुरेसे आहेत, शेवट डोळ्यांनीच करायचा.)

माणूस मला पहिल्या आणि दुसऱ्या खांबाच्या बरोबर मधे हवा होता. इथे एक गंमत आहे. चित्रात मधे म्हणजे अंतरात मधे नव्हे. पहिल्या खांबाचा पाया क्षितिजाच्या 400 पिक्सेल खाली होता, दुसऱ्याचा 200. सपाट जमिनीवर अंतर दुप्पट झालं की क्षितिजापासूनचं खाली असणं निम्मं होतं. म्हणून दीड पट अंतरावरच्या माणसाचे पाय 300 वर नाही, 267 च्या आसपास येतात. मी आधी त्याला 300 वर उभा केला होता, म्हणजे जवळच्या अंतरावर, आणि धुकं लांबचं द्यायला निघालो होतो. हे दोन्ही जुळलं नाही की बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण खटकतं.

दीड टप्प्याला t येतो 0.72 चा दीडवा घात, म्हणजे 0.61. म्हणून धुक्याच्या रंगाचा एकरंगी लेयर माणसाच्या लेयरला क्लिप केला आणि Opacity 39 टक्के ठेवली. रंग घेतला तो माणसाच्या डोक्यामागे दिसणाऱ्या धुक्याचा, वरच्या आभाळाचा नाही. ते नेहमी वेगळं असतं. केसांचा सर्वांत काळा भाग 22 चा 93 झाला. पहिला खांब 75, दुसरा 112, आणि मधे हा 93. तपकिरी कोटाचा रंगही आपोआप विटला, वेगळं सॅच्युरेशन उतरवावं लागलं नाही.

पण कॉलर आणि बाह्यांची टोकं मात्र चमकायला लागली. मूळ शर्ट 240, त्यावर हे धुकं चढलं की 226. धुकंच 205 असताना शर्ट त्याहून उजळ कसा? भरल्या आभाळाखाली उभं पांढरं कापड आसपासच्या धुक्यापेक्षा उजळ दिसायचं काही कारण नाही. रस्त्याच्या कडेचा पांढरा पट्टा त्याच अंतरावर मोजला, तो 188 निघाला. म्हणजे शर्ट त्याहून वर जाता कामा नये. म्हणून धुक्याच्या लेयरखाली, माणसालाच क्लिप केलेला एक Curves लावून उजळ भाग 177 पर्यंत उतरवले. क्रम महत्त्वाचा: आधी माणसाचा उजेड रस्त्यावरच्या उजेडाशी जुळवायचा, मग धुकं. धुकं आधी घालून नंतर उजेड ओढायला गेलं की काळे भाग पुन्हा खाली घसरतात आणि सगळी मेहनत पाण्यात.

पायाखालच्या सावलीने मला सर्वांत जास्त छळलं. सवयीने मी ती Multiply मोडमध्ये काळी रंगवली होती. माणसाचे केस 93 वर आणि बुटांखालची सावली 40 वर! त्याच अंतरावर, त्याच धुक्यात, 93 पेक्षा इतकं काळं काही असूच शकत नाही. सावलीलाही धुकं लागतं. शिवाय धुक्यात लांब सावली पडत नाही; बूट जमिनीला टेकतो तिथे एक बारीक गडद रेघ, आणि भोवती पसरट, जेमतेम जाणवणारा काळवंडा. सावली फिकी करत करत रेघेचा तळ 100 च्या घरात आणला, तेव्हा कुठे माणूस रस्त्यावर टेकला.

मग मोह झाला ब्लर करायचा. धुकं म्हणजे धूसर, म्हणजे ब्लर, असं वाटतं. केलाही. माणूस लगेच फोकसबाहेर गेल्यासारखा दिसायला लागला, कारण शेजारचे खांब तर कडेला स्वच्छ होते. इतक्या जवळच्या अंतरावर धुकं कॉन्ट्रास्ट खातं, कडा फारशी खात नाही. ब्लर काढून टाकला. फक्त कापलेल्या कडेवर गच्चीच्या भिंतीचा पिवळट धागा राहिला होता, तो मास्क एक पिक्सेल आत घेऊन घालवला.

शेवटची खोच ग्रेनची. रस्त्याचा फोटो कमी उजेडात जास्त आयएसओवर काढलेला, चांगला दाणेदार. माणूस गुळगुळीत होताच, वर एकरंगी लेयरने त्याचा उरलासुरला दाणाही 39 टक्क्यांनी दाबला. खऱ्या फोटोत असं होत नाही. ग्रेन कॅमेऱ्याच्या सेन्सरचा असतो, तो धुक्याच्या मागे नसतो. म्हणून दाणा धुक्याच्या वर घालावा लागतो. 50 टक्के करड्या रंगाचा लेयर Overlay मोडमध्ये, त्यावर Add Noise, Gaussian आणि Monochromatic, मग थोडा मऊ करून 100 टक्के झूमवर शेजारच्या रस्त्याशी ताडून पाहिला.

तपासणीसाठी सगळ्यांच्या वर एक तात्पुरता Curves ठेवला, अगदी खडा, इंग्रजी S च्या आकाराचा. असा कॉन्ट्रास्ट ताणला की चूक लपत नाही. पहिल्या प्रयत्नातला माणूस त्याखाली काळ्या कटआउटसारखा उडी मारून बाहेर आला, हा मात्र दोन खांबांमधे मुकाट उभा राहिला. फक्त डावा बूट थोडा जास्त काळा दिसला, तेवढा सुधारला.

संध्याकाळचीही एक आवृत्ती मागितली होती, ती करताना हेच सूत्र वापरलं, पण 39 टक्क्यांचा एकच आकडा चालला नाही. मावळतीच्या सूर्याच्या बाजूला धूसर हवा जास्त उजळ आणि केशरी असते, उलट बाजूला निळसर. म्हणून एकरंगी लेयरऐवजी तिरपा ग्रेडियंट घेतला, दोन्ही टोकांचे रंग माणसाच्या दोन्ही बाजूंच्या हवेतून उचलले. इथे आठ बिटमध्ये पट्टे दिसायला लागले, म्हणून फाइल सोळा बिटवर नेली.

बाईंना धुकं आवडलं. मग म्हणाल्या, "पाऊस पण करून बघू या का?" रेघा काढणं जमलं असतं. माणसाच्या मागे बारीक आणि भरपूर, पुढे मोजक्या, जाड, जरा धूसर. उजळ आभाळावर जवळजवळ दिसेनाशा, गडद कोटावर ठळक. पावसाचा पडदा म्हणून थोडं धुकंही लागलं असतं. पण कोट कोरडा होता. पावसात कापड खांद्यापासून गडद होत जातं, केसांच्या बटा चिकटतात, ओल्या रस्त्यात पायांखाली माणूस उलटा दिसतो. प्रतिबिंब रंगवता आलं असतं, ओले केस मला रंगवता येत नाहीत. मित्राला फोन लावला आणि विचारलं, भिजायची तयारी आहे का. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा गच्चीवर पाठमोरा उभा राहिला, आणि मी कॅमेरा तिपाईवर ठेवून बादली उचलली.